एका कॅमेऱ्यावरचा संवाद: रिअ‍ॅक्शन शोधणे आणि नजर जुळवणे

एकाच कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या दोन माणसांच्या संवादात, बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा चेहरा एकाच क्षणी जवळून टिपलेला कधीच नसतो. आधी एकाचे सगळे क्लोज घेतले जातात, मग कॅमेरा आणि दिवे फिरवून, तासा-दीड तासाने, दुसऱ्याचे. प्रेक्षकाला दिसणारी ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया ही बहुतेक वेळा दुसऱ्याच टेकची असते, आणि पुष्कळदा दुसऱ्याच वाक्यावरची. संकलकाला इथे मुख्यतः दोन गोष्टी कराव्या लागतात. योग्य रिअ‍ॅक्शन कुठे दडली आहे ते शोधायचे, आणि ती उचलून दुसरीकडे ठेवली तरी पात्राची नजर समोरच्या माणसावरच आहे असे दिसेल याची खात्री करायची. या दोन्ही गोष्टी कशा करायच्या, ते मी संकलित केलेल्या एका लघुपटातील प्रसंगाच्या आधारे सांगतो.

प्रसंग स्वयंपाकघरातला आहे. टेबलाच्या डाव्या बाजूला थोरली बहीण बसली आहे आणि उजव्या बाजूला धाकटा भाऊ दिनकर. दोघांसमोर चहाचे कप आहेत. संवाद एवढाच आहे:

दिनकर: अक्का, सातबारा बघितलास का एवढ्यात?
अक्का: माझं नाव निघाल्यावर कशाला बघू?
दिनकर: आता माझंही नाही त्यावर.
अक्का: कधी?
दिनकर: गेल्या महिन्यात. विचारणार होतो तुला.
अक्का: चहा गार झाला तुझा.

दुपारी दोघांचा टू-शॉट दोनदा घेतला होता. नंतर दिनकरच्या क्लोजचे चार टेक झाले, आणि खिडकीतला उजेड उतरत असल्याने अक्काच्या क्लोजचे दोनच. एका बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम, अशी ही विभागणी एका कॅमेऱ्याच्या कामात नेहमीचीच आहे. या प्रसंगात खरी अडचण तिसऱ्या वाक्यावर होती. जमीन विकल्याचे कळल्यावर अक्काचा चेहरा कसा होतो, यावर सगळा प्रसंग उभा होता, पण दोन्ही टेकमध्ये अभिनेत्रीने वाक्य पूर्ण होण्याआधीच मान खाली घातली होती. पुढचे वाक्य तिला पाठ होते आणि ते चेहऱ्यावर आधीच उमटत होते.

आधी आवाज, मग चित्र

चित्राला हात लावण्यापूर्वी संवाद केवळ आवाजाच्या रूपात बांधून घ्यावा. प्रत्येक पात्राचे वाक्य त्याच्या स्वतःच्या क्लोजमधून घ्यावे, कारण त्या वेळी माइक त्याच्याजवळ होता. दिनकरच्या क्लोजमध्ये अक्काचे वाक्यही ऐकू येते, पण ते कॅमेऱ्याच्या बाजूला बसून दिलेल्या क्यूचे असते. ते लांबून आलेले आणि पोकळ वाटते, म्हणून बंद करावे. त्या रिकाम्या जागी खोलीची शांतता भरावी. ती सेटवर मिनिटभर वेगळी ध्वनिमुद्रित केलेली असेल तर उत्तमच, नसेल तर टेकच्या आधीच्या स्तब्ध सेकंदांतून गोळा करावी. क्यू देणारा आणि बोलणारा एकमेकांवर बोलले असतील, तर ते शब्द वेगळे करणे जवळजवळ अशक्य असते. अशा वेळी दुसऱ्या टेकमधले तेच वाक्य आणून बसवावे.

आवाजाचा हा सांगाडा डोळे मिटून ऐकावा आणि विराम ठरवावेत. एका कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात विरामावर अभिनेत्यांपेक्षा संकलकाचीच सत्ता अधिक असते, कारण दोन वाक्यांमधले अंतर आता आपणच ठेवणार असतो. या प्रसंगात "आता माझंही नाही त्यावर" आणि "कधी?" यांच्यामध्ये टू-शॉटच्या टेकमध्ये जेमतेम एक सेकंद होता. आवाजावरून मी तो साडेतीन सेकंदांचा केला. त्यामुळे मला काय शोधायचे आहे ते नेमके कळले: अक्काचा साधारण साडेतीन सेकंद टिकणारा, न बोलणारा चेहरा.

रिअ‍ॅक्शनची वही

आता सगळे रशेस पुन्हा पाहायचे, पण या वेळी आवाज बंद करून, आणि फक्त न बोलणाऱ्या चेहऱ्यासाठी. कॅमेरा सुरू झाल्यापासून "अ‍ॅक्शन" म्हणेपर्यंतचा भाग आणि "कट" म्हटल्यानंतर कॅमेरा थांबेपर्यंतचा भाग मुळीच वगळू नये. या सेकंदांत अभिनेता अभिनय करत नसतो, खरोखर ऐकत असतो किंवा वाट पाहत असतो, आणि पडद्यावर ते ऐकणे अस्सल दिसते. वाक्य विसरलेल्या टेकचेही तसेच आहे. शब्द आठवू पाहणारा माणूस, संदर्भ बदलला की, अपराधी, गोंधळलेला किंवा दुखावलेला वाटू शकतो. स्वतः निर्विकार असलेल्या चेहऱ्याला शेजारच्या शॉटमुळे अर्थ मिळतो, हे सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच प्रयोगाने दाखवले होते.

प्रत्येक उपयुक्त तुकड्याची नोंद करताना चार गोष्टी लिहाव्यात: टेक आणि वेळ, नजर कोणत्या बाजूला आहे, हात व वस्तू कुठे आहेत, आणि चेहऱ्यावर काय बदलते. शेवटची नोंद भावनेच्या नावाने करू नये. "दुःखी" असे लिहिले तर महिन्याने त्याचा उपयोग होत नाही. "स्थिर पाहते, मग पापण्या झुकतात, ओठ मिटलेले" असे लिहिले तर होतो. शिवाय भावनेचे नाव देताच तो तुकडा आपण त्याच भावनेपुरता राखून ठेवतो, आणि त्याचा दुसरा उपयोग सुचत नाही.

अक्काच्या दुसऱ्या टेकमध्ये "अ‍ॅक्शन"च्या आधी बावीस सेकंदांचा असा भाग सापडला. पहिली चौदा सेकंदे ती दिग्दर्शकाच्या सूचना ऐकत होती. नंतर क्यू द्यायला बसलेल्या दिनकरने खुर्ची सरकवली, तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिले. सुमारे तीन सेकंद ती तशीच पाहत राहिली, आणि मग तिची नजर सावकाश कपावर उतरली. पहिल्या चौदा सेकंदांत चेहरा अधिक बोलका होता, आणि माझा पहिला मोह त्याचाच होता. तो का सोडावा लागला, हे नजरेच्या हिशेबातून कळेल.

नजर तपासण्याची रीत

टू-शॉटमध्ये अक्का डावीकडे आहे, म्हणून तिच्या क्लोजमध्ये तिने पडद्याच्या उजवीकडे पाहायला हवे आणि दिनकरने डावीकडे. सेटवर ही गोष्ट क्यू देणाऱ्याच्या जागेवरून ठरते. अक्काच्या क्लोजच्या वेळी दिनकर लेन्सच्या उजव्या बाजूला बसला होता, ते बरोबर होते. दिग्दर्शक मात्र लेन्सच्या डाव्या बाजूला होते. त्यामुळे त्या चौदा सेकंदांत अक्का डावीकडे पाहत होती. तो तुकडा दिनकरच्या क्लोजशेजारी ठेवला की दोघेही डावीकडे, म्हणजे खोलीतल्या कुणा तिसऱ्याच माणसाकडे पाहत आहेत असे वाटत होते. प्रेक्षकाला चूक नेमकी सांगता येत नाही, पण दोघे एकमेकांशी बोलत नाहीत असे त्याला जाणवत राहते.

बाजू बरोबर असणे एवढ्याने भागत नाही. नजर लेन्सपासून किती दूर आहे, हेही दोन्ही क्लोजमध्ये सारखे असावे लागते. त्यासाठी डोळ्यातले पांढरे पाहावे. नजर लेन्सच्या अगदी जवळ असेल तर बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरे दिसते. नजर जितकी दूर जाते तितके एका बाजूचे पांढरे कमी होत जाते. एक पात्र लेन्सच्या जवळ पाहत आहे आणि दुसरे जवळजवळ आडव्या चेहऱ्याने, असे दोन शॉट लागोपाठ आले तर पहिले आपल्याशी आणि दुसरे भिंतीशी बोलत असल्यासारखे वाटते. तिसरी बाब उंचीची. दोघेही बसलेले असतील तर दोघांची नजर साधारण एका पातळीवर हवी. एक उभा असेल तर बसलेल्याची नजर वर आणि उभ्याची खाली.

हे डोळ्यांनी ठरवणे कठीण वाटत असेल, तर दोन्ही शॉटची एकेक स्थिर फ्रेम टाइमलाइनवर एकावर एक ठेवावी आणि वरच्या फ्रेमची अपारदर्शकता निम्मी करावी. चित्र बरोबर असेल तर दोन चेहरे आपापल्या अर्ध्या भागात राहतात, एकमेकांसमोर येतात, आणि डोळ्यांची उंची जवळपास जुळते. चेहरे एकमेकांवर बसत असतील, तर नजरेसमोर ठेवायची मोकळी जागा कुठल्या तरी एका शॉटमध्ये चुकीच्या बाजूला पडली आहे.

नजर चुकलेली असेल तर

चुकलेला शॉट आडवा उलटवणे, म्हणजे फ्लिप करणे, हा सर्वांना आधी सुचणारा उपाय आहे. तो केव्हा चालतो हे पात्राच्या अंगावरच्या खुणा ठरवतात. अक्काचा पदर डाव्या खांद्यावर होता आणि चमकीही डाव्या नाकपुडीत. फ्लिप केल्यावर दोन्ही उजवीकडे गेले, आणि पुढच्याच शॉटमध्ये परत डावीकडे आले. मराठी प्रेक्षकाच्या डोळ्याला उजव्या खांद्यावरचा असा पदर लगेच खटकतो. पुरुषांच्या बाबतीत शर्टाचा खिसा, बटणांची पट्टी आणि केसांचा भांग घात करतात. मागे कॅलेंडर किंवा डब्यांवरची अक्षरे असतील तर विचारच करू नये. फ्रेम गळ्यापर्यंत घट्ट असेल, पार्श्वभूमी धूसर असेल आणि चेहऱ्यावर तीळ किंवा दागिना नसेल, तर फ्लिप निभावते. तरीही प्रकाश आता उलट्या बाजूने येत आहे, हे लक्षात ठेवावे.

दुसरा उपाय मला अधिक विश्वासार्ह वाटतो. खाली झुकलेल्या नजरेला फारशी बाजू नसते. पात्र कपाकडे, हातांकडे किंवा जमिनीकडे पाहत असेल आणि मान बरीचशी समोर असेल, तर तो तुकडा डाव्या-उजव्या दोन्ही संदर्भांत बसू शकतो. फक्त त्याने पुन्हा वर पाहण्याआधी शॉट सोडावा लागतो. तिसरा उपाय म्हणजे मध्ये टू-शॉट आणणे. दोघे कुठे बसले आहेत हे प्रेक्षकाला पुन्हा दिसते, आणि त्यानंतर नजरेतला लहानसा फरक पचतो. बाजूच उलटी असेल तर मात्र टू-शॉटनेही ती झाकत नाही, उलट अधिक उघडी पडते.

लेन्सपासूनच्या अंतरातला किरकोळ फरक असेल तर चौकट सरकवून पाहावी. चित्रीकरण 3840 × 2160 मध्ये झाले असेल आणि लघुपट 1920 × 1080 मध्ये जाणार असेल, तर शॉट दुपटीपर्यंत जवळ घेतला तरी मूळ तपशील पुरतो, आणि चेहरा बाजूला सरकवून नजरेसमोर मोकळी जागा तयार करता येते. यामुळे बुबुळे हलत नाहीत, पण तो माणूस त्या बाजूच्या कुणाकडे तरी पाहत आहे ही जाणीव पक्की होते.

तुकडा बसवणे

अक्काची ती तीन सेकंदांची नजर आणि त्यानंतर झुकणाऱ्या पापण्या, एवढा भाग मी घेतला. त्यातही एक अडचण होती: "अ‍ॅक्शन"च्या आधी तिचा हात कपावर नव्हता, मांडीवर होता, आणि संवाद सुरू असताना मात्र तिने कप धरलेला होता. म्हणून शॉट सुमारे एक तृतीयांशाने जवळ घेतला, तेव्हा टेबल चौकटीबाहेर गेले. बातमीच्या क्षणी चौकट थोडी जवळ आल्याने प्रसंगाचे नुकसान झाले नाही. या तुकड्याचा मूळ आवाज पूर्ण काढून टाकला, कारण त्यात खुर्ची सरकल्याचा आवाज होता, आणि त्याखाली स्वयंपाकघराची शांतता पसरवली.

आता प्रश्न होता, दिनकरवरून अक्कावर नेमके कुठे यायचे. वाक्य संपल्यावर कट केला तर पडदा बातमीच्या मागे राहतो. म्हणून बोलणाऱ्याचा आवाज चालू ठेवून चित्र ऐकणाऱ्यावर न्यावे, ज्याला संकलनात एल-कट म्हणतात. पण मराठी वाक्यात हे करताना विशेष काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटाकडे येतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला निर्णायक गोष्ट उशिरा कळते. "आता माझंही" इथवर अक्काला काहीच कळलेले नाही. "नाही" या शब्दावर कळते. म्हणून "नाही"च्या अलीकडे, "माझंही"च्या शेवटी, मी अक्कावर आलो. प्रेक्षक तिला आधी केवळ ऐकताना पाहतो, मग "नाही त्यावर" हे शब्द तिच्या चेहऱ्यावर पडतात, आणि त्यानंतर विरामात तिची नजर झुकते. पापण्या "नाही"च्या आधी हलल्या असत्या, तर मूळ टेकमधली चूकच मी पुन्हा केली असती.

तुकडा विरामापेक्षा अठरा फ्रेमनी, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबात पाऊण सेकंदाने, कमी पडत होता. अशा वेळी वेग नव्वद टक्क्यांपर्यंत कमी करता येतो, पण चेहरा स्थिर असलेल्या भागातच. उघडझाप होत असताना वेग कमी केला तर पापणी जड झाल्यासारखी दिसते. पापणीची एक उघडझाप साधारण 0.1 ते 0.4 सेकंदांची असते, आणि तिचा वेग आपल्या इतका सवयीचा आहे की थोडा बदलही डोळ्याला कळतो. माझ्या तुकड्यात पापण्यांची हालचाल हाच मुख्य भाग होता, म्हणून मी वेगाला हात लावला नाही. उरलेले अठरा फ्रेम टू-शॉटमधून घेतले: दोघे टेबलाशी, कुणीच काही बोलत नाही, आणि त्यावर अक्काचा "कधी?" ऐकू येतो. टू-शॉटमध्ये तिचा हात कपावर होता, पण मधल्या जवळच्या चौकटीत हात दिसलाच नसल्याने तो कधी तिथे गेला असा प्रश्न पडत नाही.

तोच चेहरा पुन्हा वापरताना

रिअ‍ॅक्शन कमी असल्या की एकच तुकडा दोनदा वापरण्याची वेळ येते. तेच फ्रेम दुसऱ्यांदा आले तर प्रेक्षकाला ते जाणवते, विशेषतः त्यात लक्षात राहणारी हालचाल असेल तर. म्हणून मोठ्या तुकड्याचे दोन वेगळे भाग करावेत: पहिल्या वापरात स्थिर पाहण्याचा भाग, दुसऱ्यात हालचालीचा. दोन्हींमध्ये त्याच पात्राचा निदान एक बोलता शॉट असावा, आणि चौकटीचा आकार थोडा बदलावा. प्रीमियर प्रोमध्ये टाइमलाइनच्या पान्याच्या चिन्हाखाली `Show Duplicate Frame Markers` हा पर्याय चालू केला, तर पुन्हा आलेल्या फ्रेमखाली रंगीत पट्टी दिसते. नकळत झालेली पुनरावृत्ती सापडायला तिचा फार उपयोग होतो.

उजेडही तपासावा. अक्काचे दोन्ही टेक पंधरा मिनिटांच्या आत झाले होते, तरी दुसऱ्या टेकमध्ये खिडकीचा प्रकाश किंचित पिवळा होता. दोन टेकचे तुकडे जवळजवळ येणार असतील तर रंग जुळवण्याचे काम शेवटावर न ढकलता, निदान कच्चे तरी, लगेच करून पाहावे. नाही तर नजर जुळलेली असूनही कट खटकतो, आणि आपण दोष नसलेल्या जागी शोधत बसतो.

जुळणी झाली की प्रसंग दोनदा पाहावा. एकदा आवाज बंद करून, फक्त डोळ्यांच्या दिशा पाहत, कारण शब्द ऐकू येत असले की आपण नजरेच्या चुका माफ करतो. दुसऱ्यांदा आवाजासह, पण प्रत्येक कटवर एकच प्रश्न विचारत: ऐकणाऱ्याला एवढे कळलेले आहे का, की त्याचा चेहरा शब्दांच्या पुढे धावतो आहे?

शेवटच्या वाक्यावर, "चहा गार झाला तुझा", मला दिनकरचा चेहरा हवा होता, आणि त्याच्या चारही टेकमध्ये तिथे तो नुसता कपाकडे पाहत होता. तिसऱ्या टेकमध्ये मात्र "गेल्या महिन्यात" नंतर तो पुढचे वाक्य विसरला होता. नजर खाली, मग डावीकडे वर अक्काकडे, म्हणजे क्यू देणाऱ्या अभिनेत्रीकडे, आणि मदत मागण्यासाठी ओठ उघडू लागलेले, असा तो दोन सेकंदांचा भाग होता. नजरेची बाजू, उंची आणि लेन्सपासूनचे अंतर तिन्ही बरोबर होते, कारण तो खरोखरच तिच्याकडे पाहत होता. अक्काचे वाक्य मी त्या चेहऱ्यावर चालवले. "तुझा" हा शब्द संपतो तेव्हा दिनकर वर पाहतो, आणि त्याचे ओठ उघडण्याच्या चार फ्रेम आधी प्रसंग संपतो.